लग्नपत्रिकेची छपाईयोग्य पीडीएफ: ब्लीड, कट मार्क आणि देवनागरी फॉन्टबद्दल नेहमी विचारलं जाणारं

तुळशीचं लग्न लागलं की सांगलीत पत्रिकांची कामं सुरू होतात. अलीकडे बरीच घरं मजकूर आणि मांडणी स्वतःच करून थेट पीडीएफ घेऊन येतात. कुणाचा भाचा इंजिनियरिंगला असतो, कुणाची वहिनी डीटीपी शिकलेली असते. ती फाइल प्रेसमध्ये उघडली की जे प्रश्न दरवेळी निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: १३० × १९० मिमीची, दोन्ही बाजूंनी छापलेली, न दुमडणारी पत्रिका, ५०० प्रती.

प्रेसवाले 'प्रिंट रेडी पीडीएफ द्या' म्हणतात. म्हणजे नेमकं काय हवं असतं?

ज्या फाइलला प्रेसमध्ये कुणाला हात लावावा लागत नाही, ती. आकार बरोबर, चारी बाजूंना कापण्यापुरता जास्तीचा रंग म्हणजे ब्लीड, कुठे कापायचं त्याच्या खुणा म्हणजे कट मार्क, आणि मजकुराचे फॉन्ट फाइलच्या पोटात. पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर प्रेसवाला फोन करून विचारतो. चौथी चुकली तर पुष्कळदा कुणाच्याच लक्षात येत नाही आणि ५०० पत्रिका तशाच छापून येतात. म्हणून खाली फॉन्टबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

पत्रिकेचा आकार कसा ठरवायचा?

आधी पाकीट, मग कागद, आणि त्यानंतर डिझाइन. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात.

तयार पाकिटं ठरावीक मापांत मिळतात. बाजारात जाऊन पाकीट हातात घ्या, आतून मोजा, आणि पत्रिका दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर लहान धरा. मग प्रेसला विचारा की कुठल्या मापाच्या शीटवर छापणार. डिजिटल मशीनवर १२ × १८ इंची शीट सर्रास चालते, म्हणजे साधारण ३०५ × ४५७ मिमी.

आपली पत्रिका चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून १३६ × १९६ होते. शीटच्या रुंदीत दोन बसल्या (२७२), उंचीतही दोन बसल्या (३९२). एका शीटवर चार, म्हणजे ५०० पत्रिकांना १२५ शीट, वर वाया जाणाऱ्या थोड्या. आता तीच पत्रिका 'जरा मोठी दिसू दे' म्हणून १५० × २१० केली तर ब्लीडसह १५६ × २१६ होते. रुंदीत दोन ठेवायला ३१२ मिमी लागतात आणि शीट आहे ३०५ ची. कशीही फिरवली तरी दोनच बसतात. शीट १२५ वरून २५० वर गेल्या, तेही दोन सेंटिमीटरसाठी. प्रेसकडे १३ × १९ इंची शीट चालत असेल तर हीच मोठी पत्रिका पुन्हा चार बसते. म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी एवढा एक प्रश्न विचाराच.

ब्लीड किती ठेवायचा, आणि तो लागतोच का?

पत्रिकेच्या कडेपर्यंत रंग, फोटो किंवा नक्षी जात असेल तर लागतोच. चारी बाजूंना ३ मिमी. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी असेल आणि कडेला काहीच टेकत नसेल तर ब्लीड नसला तरी बिघडत नाही.

कारण कटिंग मशीनमध्ये आहे. तिथे एकावर एक रचलेली शीटची थप्पी एकदम कापली जाते. पातं खाली येताना थप्पी किंचित सरकते, शिवाय कागद मशीनमधून जाताना प्रत्येक शीटवर छपाई केसभर इकडेतिकडे पडते. दोन्ही मिळून मिलिमीटरभराचा फरक कुठेही येतो. रंग नेमका कापण्याच्या रेषेवर थांबवलेला असेल तर काही पत्रिकांच्या कडेला पांढरी चीर दिसते. लाल किंवा मरून पार्श्वभूमीवर ती लगेच डोळ्यात भरते.

एक चूक वारंवार दिसते. पार्श्वभूमीचं चित्र १३० × १९० चंच असतं, मग कुणीतरी सांगतं म्हणून सगळं पान ताणून १३६ × १९६ केलं जातं. त्यात कडेची नक्षीही बाहेर जाते आणि कापली जाते. ताणायचं ते फक्त पार्श्वभूमीचं चित्र. मजकूर आणि नक्षी जागची हलवायची नाही.

कडेने बॉर्डर हवीच आहे. ती किती आत घ्यावी?

कापण्याच्या रेषेपासून निदान ६ मिमी आत, जमल्यास ८. आपल्याकडे पत्रिकेला वेलबुट्टीची बॉर्डर हवीच असते आणि ती अगदी कडेला चिकटलेली आवडते. पण बॉर्डर २ मिमी आत असताना कटिंग १ मिमी सरकलं तर एका बाजूला १ मिमी पांढरं राहतं आणि समोरच्या बाजूला ३ मिमी. एकाला तीन, हा तिरकेपणा कुणालाही दिसतो. तीच बॉर्डर ८ मिमी आत असेल तर सात आणि नऊ होतात, ते कुणाला कळतही नाही. सरकणं दोन्हीकडे सारखंच आहे, फक्त दुसरीकडे ते डोळ्याला जाणवत नाही.

वरचा गणपती, खालची 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ आणि बाकीचा मजकूरही याच हद्दीच्या आत ठेवा.

कट मार्क स्वतः काढायचे की सॉफ्टवेअर काढतं?

सॉफ्टवेअरला काढू द्या. हाताने काढलेल्या रेषा फाइलला कळत नाहीत. पीडीएफच्या आत पानाच्या चौकटी नोंदलेल्या असतात: `TrimBox` म्हणजे कापल्यावर उरणारा आकार, `BleedBox` म्हणजे ब्लीडसह आकार, `MediaBox` म्हणजे मार्कसकट अख्खं पान. शीटवर चार पत्रिका रचणारं सॉफ्टवेअर या चौकटी वाचतं.

इंडिझाइनमध्ये नवी फाइल करतानाच `Bleed` मध्ये ३ मिमी भरा. पीडीएफ काढताना `Marks and Bleeds` मध्ये `Crop Marks` आणि `Use Document Bleed Settings` दोन्हींवर खूण करा. तिथेच `Offset` नावाचा रकाना असतो आणि त्यात आधीपासून २.११७ मिमी भरलेलं असतं. ब्लीड ३ मिमी आणि मार्क २.११७ मिमीवर, म्हणजे मार्कचं टोक ब्लीडच्या रंगात घुसतं. कटिंग दोन मिमीहून जास्त बाहेर गेलं तर पत्रिकेच्या कोपऱ्यावर बारीक काळी रेघ उरते. तो आकडा ३ करा.

स्क्रायबसमध्ये ब्लीड नव्या फाइलच्या चौकटीत भरायचा. मार्क `Pre-Press` या टॅबमध्ये आहेत, तिथे `Use Document Bleeds` वर खूण करा.

काम वर्डमध्ये केलं आहे. चालेल का?

चालवून घेता येतं. पान १३६ × १९६ चं करा, पार्श्वभूमी पानभर पसरा, मजकूर कडेपासून ९ मिमी आत ठेवा, आणि प्रेसला लिहून कळवा: 'चारी बाजूंचे ३ मिमी कापायचे आहेत.' कट मार्क आणि `TrimBox` मिळणार नाहीत, पण ते प्रेस घालू शकतं. रंगाची अडचण मात्र राहते, ती पुढे सांगतो.

फॉन्ट एम्बेड करणं म्हणजे काय? माझ्या संगणकावर तर सगळं नीट दिसतं.

तुमच्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला आहे म्हणून दिसतं. एम्बेड करणं म्हणजे पत्रिकेत जी अक्षरं वापरली आहेत त्यांचे आकार पीडीएफमध्येच भरून देणं. मग समोर कुठलाही संगणक असो, अक्षर तेच उमटतं.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये याला फार महत्त्व आहे. सांगली-मिरजेतल्या बऱ्याच प्रेसमध्ये श्रीलिपीसारख्या प्रणालीतलं पंधरा-वीस वर्षांचं काम साठलेलं आहे, आणि ते फॉन्ट दिसायला सुंदर आहेत. पण त्यांत 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'क' नसतं. इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट फाइलबरोबर गेला नाही की चित्र जातं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. हा बिघाड निदान ओरडून सांगतो. युनिकोड फॉन्ट एम्बेड झाला नसेल तर त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येऊन बसतो, ओळी एका शब्दाने लांबतात, 'स्वागतोत्सुक' खाली ढकललं जातं, आणि पत्रिका मूळची तशीच असावी असं वाटत राहतं.

एम्बेड झालं आहे की नाही, कसं तपासायचं?

अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, `Fonts` टॅबवर जा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे `Embedded Subset` किंवा `Embedded` दिसलं पाहिजे. एका जरी नावापुढे ते नसेल तर फाइल पाठवू नका.

कमांड वापरणाऱ्यांसाठी पॉपलरची दोन साधनं पुरेशी आहेत:

```
pdffonts patrika.pdf
pdfinfo -box patrika.pdf
```

पहिल्या कमांडच्या उत्तरात `emb` नावाचा रकाना येतो. तिथे सगळीकडे `yes` हवं. दुसरीत चौकटींची मापं पॉइंटमध्ये येतात. आपल्या पत्रिकेची अशी दिसतील:

```
MediaBox:     0.00     0.00   428.50   598.58
BleedBox:    21.50    21.50   407.00   577.08
TrimBox:     30.00    30.00   398.50   568.58
```

`TrimBox` च्या तिसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा: ३६८.५०. त्याला ७२ ने भागून २५.४ ने गुणलं की १३० मिमी येतात. चौथ्यातून दुसरा वजा केला की ५३८.५८, म्हणजे १९० मिमी. तिन्ही ओळींत आकडे सारखेच आले तर ब्लीड फाइलमध्ये आलेलाच नाही, पडद्यावर काहीही दिसो.

फॉन्ट एम्बेड केला होता, तरी छापून आलेल्या पत्रिकेत वेलांटी सरकली. असं कसं?

हे एकदा माझ्या हातून गेलेल्या कामात घडलं, म्हणून सविस्तर सांगतो. मी फाइल तपासून दिली होती. सगळे फॉन्ट एम्बेड होते, रीडरमध्ये अक्षर न अक्षर जागेवर होतं. पत्रिका आली ती 'शुभ िववाह' अशी. वेलांटी 'व'वरून सुटून आधीच पडली होती. आत 'ज्येष्ठ' चा 'ज्‌येष्‌ठ' झाला होता, पाय मोडून.

प्रेसमध्ये चौकशी केली. एका शीटवर चार पत्रिका रचायच्या म्हणून त्यांनी पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडली होती. मूळ कारण तिथेच होतं.

पीडीएफमध्ये शब्द राहत नाहीत, अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा राहतात. 'वि' लिहिताना वेलांटी डावीकडे येते, म्हणून पीडीएफमध्येही ती आधी आणि 'व' नंतर अशा क्रमाने असू शकते. 'ष्ठ' ही तर एकच जोडाकृती असते. छापताना किंवा नुसतं बघताना या आकृत्या जशाच्या तशा उमटतात, त्यामुळे काही बिघडत नाही. पण पीडीएफ दुरुस्तीसाठी उघडली की ते सॉफ्टवेअर आकृत्यांवरून पुन्हा शब्द जुळवायला बसतं. त्याला वेलांटी आधी सापडते, 'व' नंतर, आणि ते तसंच टाइप करतं. शिवाय फाइलमध्ये फॉन्टचा फक्त वापरलेला तुकडा असतो, पूर्ण फॉन्ट नसतो. नवी जुळणी करायला लागणारे नियम त्यात नसतात.

एम्बेड केलेला फॉन्ट छापण्यासाठी असतो, उघडून बदलण्यासाठी नाही. प्रेसला हे आधीच सांगून ठेवा: फाइल रचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा इंडिझाइनमध्ये अख्खी ठेवा, किंवा थेट पीडीएफवरून छापा. कोरलड्रॉशिवाय पर्यायच नसेल तर आयात करताना जी चौकट येते त्यात मजकूर `Text` ऐवजी `Curves` म्हणून घ्यायचा.

मग मीच सगळा मजकूर कर्व्ह करून दिला तर?

कोरलड्रॉवर चालणाऱ्या प्रेससाठी मी तसंच करतो. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं रेषाचित्र होतं आणि कुठल्याही संगणकावर ते हलत नाही. ज्या फॉन्टचा परवाना एम्बेड करायला मनाई करतो, त्यांच्यासाठीही हाच रस्ता उरतो.

मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली होती. कर्व्हचं तत्त्व तेच आहे: कोरलेलं अक्षर जागा सोडत नाही, पण चूक सापडली तर तेवढंच अक्षर बदलताही येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा आणि कर्व्ह केलेल्या प्रतीच्या नावातच 'कर्व्ह' लिहा. शेवटची दुरुस्ती मूळ फाइलऐवजी कर्व्ह केलेल्या प्रतीत करायला जाऊन गोंधळ झालेला मी बऱ्याचदा पाहिला आहे.

बारीक अक्षरं, ८ पॉइंटच्या आसपासची, कर्व्ह केल्यावर किंचित जाड छापली जाऊ शकतात. पत्ता आणि फोन नंबर ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर वेडावाकडा येतो. फाइल खराब आहे का?

नाही. कारण वर सांगितलं तेच. छपाईसाठी डोळ्याला दिसतं ते प्रमाण.

मराठी ल, श आणि 'वऱ्हाडी'तला र नीट येत नाही. काय करावं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही युनिकोड फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा पाहून फॉन्ट त्यातलं एक निवडतो. भाषा न नेमता टाइप केलं तर हिंदी वळण येतं. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे आणि पत्रिकेला शोभतोही. फक्त त्याला ठळक वजन नाही. बटण दाबून ठळक केला तर सॉफ्टवेअर खोटी जाडी देतं आणि 'ष', 'क्ष' यांची पोटं भरून जातात. ठळक नावं हवी असतील तर मुक्ता घ्या, त्यात सात वजनं आहेत.

'ऱ्या', 'ऱ्ह' यांचं दुखणं टायपिंगमधलं आहे. हे दोन प्रकारे टाइप होतात. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साध्या, पाय मोडलेल्या 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह असतं, आणि व्हॉट्सअॅपवरून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर चिकटवताना ते कधीकधी गळतं. मग 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' होतं. 'आचाऱ्यांना' लिहिलेलं 'आचार्यांना' झालं तर स्वयंपाक्याचा गुरुजी होतो आणि शब्द शुद्ध असल्याने तपासणारा पुढे जातो. पहिला प्रकार वापरा.

नवीन फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर घेतलं की मी आधी ही ओळ टाइप करून पीडीएफ काढतो: चि. सौ. कां., ज्येष्ठ, द्वितीय, कृष्णाकाठ, म्हैसाळ, आशीर्वाद, वऱ्हाडी, ॥ श्री ॥. ही नीट आली तर बाकीचं येतं. स्क्रायबसच्या १.४ आवृत्तीत ही ओळ तुटते, १.६ मध्ये नीट जुळते. इंडिझाइनमध्ये तुटली तर परिच्छेदाच्या मेनूतून `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडा.

काळा, लाल आणि सोनेरी रंग कसे द्यावेत?

मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. वर्डमधला किंवा फोटोच्या सॉफ्टवेअरमधला काळा छपाईत चार शाया मिळून होऊ शकतो. शाया एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत की अनुस्वार आणि रफार यांच्या कडेला रंगीत सावली दिसते. कुंकवाच्या लालसाठी मॅजेन्टा १००, पिवळा १००. सोनेरी रंग या चार शायांतून होत नाही, मातकट पिवळा येतो. खरी सोनेरी चमक हवी तर फॉइल करावी लागते. त्यासाठी फक्त तेवढा भाग निव्वळ काळ्यात, कर्व्ह करून, वेगळ्या पीडीएफमध्ये त्याच मापात द्या.

फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली तर चालते का?

पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. फोटो मात्र फोटो म्हणून पाठवला की लहान होतो. पानभर फोटोला ३०० डीपीआयने १६०६ × २३१५ पिक्सेल लागतात. तो मूळ फाइल म्हणूनच मागवा.

प्रूफ कशावर तपासायचं?

कागदावर, आणि प्रेसने रचणी केल्यानंतरच्या फाइलवरून काढलेल्या. तुमच्या पीडीएफचं घरी काढलेलं प्रिंट प्रेसमधली वेलांटी पकडू शकत नाही. चार पत्रिकांची अख्खी शीट मागा, कट मार्कवर पट्टी ठेवून एक पत्रिका कापा आणि पाकिटात घालून बघा. मागची बाजू उलटी तर छापली नाही, हेही तेव्हाच कळतं.

मग घरातल्या एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील बघायचा. नावं, तारीख, वार, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता. तारीख आणि वार कॅलेंडरवर ताडून बघा.

छपाईच्या आदल्या दिवशी मुहूर्ताची वेळ बदलली. प्रेसमध्येच आकडा बदलून घेऊ का?

नको. आकडे साधे असतात म्हणून बदल सोपा वाटतो, पण तो आकडा बदलायला पीडीएफ दुरुस्तीसाठी उघडावीच लागते, आणि मग शेजारचा 'मिनिटांनी' तुटतो. मूळ फाइलमध्ये बदल करा, नवी पीडीएफ काढा, फॉन्ट आणि चौकटी पुन्हा तपासा, नावात नवा क्रमांक घाला. जुनी फाइल प्रेसच्या संगणकावरून समोर उभं राहून काढून टाकायला सांगा, नाहीतर दोन फाइलींतली कुठली छापली गेली हे गठ्ठे बांधल्यावर कळतं.